अरबी पडद्यावर चेक-इन: भाषेच्या बटणापासून बॅगेच्या टॅगपर्यंत

इंदूरहून आखातात मुलांकडे जाणाऱ्यांची जातानाची वाट सोपी असते. मुंबईच्या काउंटरवरचा माणूस हिंदी बोलतो, बॅग तोच वजनावर ठेवतो आणि टॅगही तोच लावतो. अडचण येते परतताना. मुलगा किंवा जावई दारापाशी सोडून ऑफिसला जातो, आत गेल्यावर कर्मचारी रांगेतल्या लोकांना किऑस्ककडे, म्हणजे स्वतःच चेक-इन करायच्या यंत्राकडे वळवतात आणि पडद्यावर सगळी अरबी अक्षरे असतात. गेल्या वर्षभरात आमच्या रामबागेतल्या ओळखीच्या तीन घरांतून असे फोन आले. तिन्ही वेळा चूक जवळपास एकाच जागी झाली होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उदाहरण म्हणून आमच्या आत्या आणि काकांचाच प्रवास घेते. दोघे आखातातून मुंबईला येणार होते. पुढे मुंबई ते इंदूर हे तिकीट वेगळे काढलेले होते. माणशी ३० किलो सामान, मोठ्या बॅगा दोन, हातातल्या बॅगा दोन.

१. घरून निघण्यापूर्वी एक चिठ्ठी

किऑस्क फार थोड्या गोष्टी विचारतो, पण नीट उत्तर दिले नाही तर तुम्हाला थेट काउंटरच्या रांगेत पाठवतो. म्हणून एका कागदावर मोठ्या रोमन अक्षरांत एवढे लिहून घ्या: सहा अक्षरांचा पीएनआर, विमानाचा क्रमांक, सुटण्याची वेळ २४ तासांच्या घड्याळात आणि तिकिटावर जसे छापले आहे तसे आडनाव. फोनमध्ये तिकीट असले तरी कागद हवाच. एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात फोन धरून टाइप करता येत नाही.

आडनावाबद्दल थोडे थांबून सांगते, कारण मराठी नावांचा गोंधळ इथेच होतो. आपल्या बऱ्याच पासपोर्टांत नावाच्या ओळीत स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकत्र असते आणि आडनाव वेगळ्या ओळीत. किऑस्क आडनाव मागतो तेव्हा फक्त KULKARNI एवढेच टाइप करायचे, पूर्ण नाव नाही. काही जुन्या पासपोर्टांत आडनावाची ओळ कोरी असते. अशा वेळी तिकीट काढणाऱ्याने आडनावाच्या जागी काहीतरी भरलेले असते, तेच टाइप करावे लागते. त्यामुळे चिठ्ठीवर आडनाव पासपोर्ट पाहून लिहू नका, तिकीट पाहून लिहा.

पासपोर्टचे प्लॅस्टिकचे किंवा चामड्याचे कव्हर घरीच काढून ठेवा. बॅगांची वजने घरच्या वजनकाट्यावर घेऊन चिठ्ठीवर लिहा. आत्यांच्या बॅगा २६ आणि २२ किलोच्या होत्या. पॉवर बँक मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या बॅगेत घ्या. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही आणि किऑस्कवरच्या एका प्रश्नाचा तिच्याशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

> तपासा: मागच्या प्रवासातले टॅग बॅगेवर उरलेत का? हँडलवरचा लांब पट्टा आपण फाडतो, पण बॅगेच्या कडेला चिकटलेला बारकोडचा छोटा तुकडा तसाच राहतो. सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरचे यंत्र तोही वाचू शकते. नखाने खरवडून काढा.

२. योग्य किऑस्क कोणता

मोठ्या विमानतळांवर दोन प्रकारचे किऑस्क असतात. एक फक्त एका विमान कंपनीचा, तिच्या रंगांत आणि तिच्या चिन्हासह. दुसरा सामायिक, ज्याच्या पहिल्या पडद्यावर बऱ्याच कंपन्यांची चिन्हे दिसतात आणि त्यातून आपली निवडावी लागते. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल, तर विमान ज्या कंपनीचे तिचे चिन्ह दाबा.

किऑस्कच्या पोटाकडेही नजर टाका. बोर्डिंग पासची फट अरुंद असते. तिच्याजवळच लांब पट्टा बाहेर येईल अशी दुसरी फट दिसली तर तो किऑस्क बॅगेचे टॅगही छापतो. मोठी बॅग असेल तर याच किऑस्कसमोर उभे राहा. नाही तर बोर्डिंग पास हातात येईल आणि टॅगसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

३. भाषेचे बटण

आखातातल्या किऑस्कवर English असतेच. पडदा अरबीत दिसतो तो बहुधा आधीचा प्रवासी तसाच सोडून गेलेला असतो. म्हणजे यंत्र नवीन भाषेत शिकायचे नसते, फक्त त्याची भाषा बदलायची असते. पण बटण सापडत नाही, याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की ज्या ठिकाणी दोनच भाषा असतात तिथे बटणावर सध्याच्या भाषेचे नाव नसते, दाबल्यावर येणाऱ्या भाषेचे असते. पडदा अरबीत असेल तर बटणावर English दिसेल. पडदा इंग्रजीत असेल तर त्याच जागी العربية दिसेल. काकांनी नेमके इथेच उलटे केले. पडदा मुळात इंग्रजीत होता, त्यांनी कोपऱ्यात अरबी अक्षरे पाहिली, हा अरबीवर लावलेला दिसतोय असे समजून ते बटण दाबले आणि सगळा पडदा अरबी झाला. म्हणून आधी पडद्याचा मधला मजकूर कोणत्या लिपीत आहे ते पाहा, बटणाकडे नंतर वळा.

दुसरे कारण म्हणजे शोधण्याची जागा. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे अरबी निवडल्यावर फक्त अक्षरे बदलत नाहीत, सगळी मांडणीच आरशातल्यासारखी उलटते. इंग्रजी पडद्यावर जे उजव्या कोपऱ्यात होते ते डाव्या कोपऱ्यात जाते. आपली नजर सवयीने उजवीकडे वर जाते आणि तिथे काहीच नसते. डावा वरचा कोपरा पाहा, मग दोन्ही खालचे कोपरे पाहा. शब्द नसेल तर पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह शोधा, भाषांची यादी त्याच्या आत असते. यादीत प्रत्येक भाषा तिच्याच लिपीत लिहिलेली असते, त्यामुळे इंग्रजी ही English अशीच दिसेल. हिंदी दिसली तर उत्तमच.

काही किऑस्कवर हे बटण फक्त पहिल्या पडद्यावर असते. दोन-तीन पडदे पुढे गेलेले असाल तर घराचे चिन्ह किंवा إلغاء म्हणजे रद्द हे बटण दाबून सुरुवातीला या. काही वाया जात नाही. शेवटच्या टप्प्यावर खात्री करून पुढे जाईपर्यंत तुमचे चेक-इन झालेलेच नसते.

> सावधान: थोडा वेळ काही दाबले नाही तर पडद्यावर मध्येच एक छोटी चौकट येते आणि तिच्यात दोन बटणे असतात. अजून वेळ हवा आहे का, असे ती विचारत असते. चौकट समजली नाही तर काहीच दाबू नका. काही सेकंदांत यंत्र आपोआप पहिल्या पडद्यावर जाईल आणि तिथून भाषा निवडता येईल.

४. English सापडलेच नाही तर

रांग मागे असेल आणि अरबीतच पुढे जावे लागले, तर निदान अर्धा प्रवास होऊ शकतो. मात्र एक सवय बदलावी लागते. अरबी पडद्यावर पुढे जाण्याचे बटण डावीकडे असते आणि मागे जाण्याचे उजवीकडे. बाणही उलटे असतात, म्हणजे डावीकडे टोक असलेला बाण पुढे नेतो. तिन्ही घरांची चूक हीच होती. आत्या तीनदा उजवीकडचे बटण दाबत राहिल्या, तीनदा पासपोर्टच्या पडद्यावर परत आल्या आणि पासपोर्ट चालत नाही असे त्यांना वाटले. पासपोर्ट व्यवस्थित वाचला जात होता. त्या स्वतःच मागे जात होत्या.

एवढे शब्द चिठ्ठीवर उतरवून ठेवा. अक्षरे वाचता यायची गरज नाही, आकार जुळवायचा:

التالي — पुढे
رجوع — मागे
نعم — हो
لا — नाही
تأكيد — खात्री, म्हणजे मान्य
إلغاء — रद्द
جواز السفر — पासपोर्ट
الأمتعة — सामान
طباعة — छापा

आकड्यांचीही एक गंमत नाही, फसगत आहे, आणि देवनागरी वाचणाऱ्याची ती जास्त होते. काही पडद्यांवर वेळ अरबी आकड्यांत दिसते. त्यातला दोन आणि तीन आपल्याला साधारण ओळखू येतात, म्हणून सगळेच ओळखू येतात असे वाटते. पण गोल ٥ हा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि असतो पाच. शून्य म्हणजे नुसते टिंब, ٠. इंग्रजी साताच्या आकड्यासारखा दिसणारा ٦ हा सहा आणि खरा सात ٧ असा असतो. त्यामुळे ١٦:٠٥ ही वेळ घाईत १७ वाजताची वाटते, ती असते १६ वाजून ०५ मिनिटांची. आकडे मात्र अरबीतही डावीकडून उजवीकडेच वाचतात. वेळ किऑस्कवर वाचू नका, चिठ्ठीवरची बरोबर माना.

५. यंत्राकडून पासपोर्ट वाचून घेणे

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन लांब ओळी असतात, प्रत्येक ४४ अक्षरांची, मधेमधे < अशी चिन्हे असलेल्या. यंत्र त्या ओळी वाचते. काच असेल तर फोटोचे पान पालथे ठेवा, कड काचेच्या कडेला टेकवा आणि वरून तळहाताने हलके दाबून धरा. आवाज येईपर्यंत किंवा पडदा बदलेपर्यंत उचलू नका. लोक बहुधा दोन सेकंदांत उचलून बघतात, झाले का म्हणून, आणि तिथेच ते फसते.

दोनदा जमले नाही तर तिसऱ्यांदा प्रयत्न करण्यापेक्षा पीएनआरचा पर्याय घ्या. टाइप करायला अरबी अक्षरांचा कीबोर्ड आला, तर त्याच्या खालच्या ओळीत ABC किंवा EN लिहिलेली कळ असते. ती दाबली की रोमन अक्षरे येतात.

दोघांचे तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर पडद्यावर दोन्ही नावे रोमन अक्षरांत दिसतील. दोन्हींवर खूण करा. बरेचदा एकाचा पासपोर्ट वाचल्यावर दुसऱ्याचाही मागितला जातो, तेव्हा तो हाताशी असू द्या. यादीत एकच नाव दिसत असेल आणि तुम्ही पुढे गेलात, तर एकाचाच पास छापला जाईल.

यानंतर जागा निवडण्याचा पडदा येतो. दिलेली जागा ठीक वाटली तर पुढे जा. जागेवर रकमेचा आकडा दिसला तर ती जागा पैसे घेऊन मिळते.

६. तो एक प्रश्न जो अंदाजाने सोडवायचा नाही

सामानाच्या आधी किंवा नंतर चित्रांचा एक पडदा येतो. बॅटरी, गॅसची बाटली, फटाके, पेटवण्याच्या वस्तू. हा धोकादायक वस्तूंबद्दलचा प्रश्न आहे. अडचण अशी की तो दोन उलट पद्धतींनी विचारला जातो. कुठे विचारतात, तुमच्या बॅगेत यातले काही आहे का? त्याचे उत्तर नाही. कुठे लिहिलेले असते, माझ्या बॅगेत यातले काही नाही. त्याला हो किंवा मान्य म्हणायचे असते. चित्रे दोन्हीकडे तीच असतात, त्यामुळे चित्र पाहून उत्तर ठरवता येत नाही.

म्हणून हा पडदा न वाचता येणाऱ्या लिपीत आला तर उत्तर देऊ नका. कर्मचाऱ्याला बोलवा. आखातातल्या विमानतळांवर हिंदी समजणारे कर्मचारी बरेच असतात. हा सुरक्षेविषयीचा तुमचा जबाब आहे. चुकून हो म्हटले तर किऑस्क तिथेच थांबतो. चुकून नाही म्हटले आणि बॅगेत पॉवर बँक निघाली, तर पुढे बॅग उघडायला तुम्हालाच बोलावतात, आणि तोवर विमानाची वेळ जवळ आलेली असते.

७. सामान

सामानाच्या पडद्यावर बहुधा सुटकेसचे चित्र आणि त्याच्या दोन बाजूंना उणे आणि अधिक ही चिन्हे असतात. मधला आकडा सुरुवातीला शून्य असतो. इथे फक्त पट्ट्यावर सोडायच्या बॅगा मोजायच्या, हातातल्या नाहीत. दोघे एकत्र चेक-इन करत असतील तर प्रत्येकाच्या नावासमोर वेगळा आकडा विचारतात. आत्यांनी दोन्ही बॅगा स्वतःच्या नावावर टाकल्या असत्या तर २६ अधिक २२ म्हणजे ४८ किलो एका नावावर गेले असते, आणि माणशी ३० किलोच्या तिकिटावर १८ किलो जादा दिसले असते. एक आत्यांच्या आणि एक काकांच्या नावावर टाकल्यावर दोघेही मर्यादेत राहिले. काही कंपन्या एकत्र वजन मान्य करतात, पण किऑस्कवर वाद घालता येत नाही, म्हणून वाटूनच टाका.

शून्य तसाच ठेवून पुढे गेलात तर पास छापला जातो, टॅग येत नाही. माझे स्वतःचे एकदा असेच झाले आणि टॅगसाठी पाऊण तास काउंटरच्या रांगेत उभी राहिले.

जादा बॅग विकत घेण्याचाही पडदा मध्येच येऊ शकतो. पडद्यावर चलनाचे चिन्ह आणि रक्कम दिसली की थांबा. तिकिटात सामान धरलेले असताना पैसे मागितले जात असतील, तर बॅगांचा आकडा चुकला असण्याची शक्यता मोठी. एक पडदा मागे जा.

टॅग बाहेर आला की तो बॅगेला लावण्याआधी वाचा. पडद्याची भाषा कोणतीही असो, टॅगवर विमानतळाचे संकेत रोमनमध्येच छापतात. मोठ्या अक्षरांत BOM हवे, कारण आत्यांचे हे तिकीट मुंबईपर्यंतचेच होते. इंदूरचा संकेत IDR आहे. वेगळे तिकीट असताना तो इथे येणार नाही, आणि आला नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. मग नाव, विमानाचा क्रमांक आणि बारकोडखालचा दहा आकडी क्रमांक पाहा. दोन बॅगा असतील तर आत्यांच्या नावाचा टॅग २६ किलोच्या बॅगेला आणि काकांचा दुसरीला, अशी जोडी लावून ठेवा.

लावण्याची रीत अशी: टोकाकडचा कागद सोला, पट्टा हँडलमधून ओवा, दोन्ही टोके चिकट बाजूने एकमेकांना पूर्ण चिकटवा आणि बारकोड बाहेरच्या बाजूला राहू द्या. बॅगेच्या अंगावर चिकटवू नका. पावतीचा छोटा तुकडा सोलून बोर्डिंग पासच्या मागे लावा. बॅग हरवली तर त्याच दहा आकड्यांवरून शोध घेतात.

> सावधान: टॅग लावला म्हणजे बॅग गेली असे नाही. ती बॅग ड्रॉपच्या पट्ट्यावर द्यावीच लागते. तिथे वजन होते, टॅग वाचला जातो आणि मगच बॅग आत जाते. ती पट्ट्यावरून पुढे सरकेपर्यंत तिथून हलू नका. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानांचे चेक-इन सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते, आणि बॅगही त्याआधी गेली पाहिजे.

८. बोर्डिंग पास हातात आल्यावर

दोन्ही पासांवर नाव, तारीख आणि BOM जुळते का पाहा. पासवर दोन वेळा असतात. आधीची वेळ विमानात चढायला सुरुवात होण्याची, नंतरची विमान सुटण्याची. गेटची जागा कोरी असेल तर तो मोठ्या फलकावर विमानाच्या क्रमांकासमोर नंतर दिसतो. पासऐवजी काउंटरवर जा असा कागद निघाला, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. तो कागद दाखवून काउंटरवर जा, प्रवासाची कागदपत्रे माणसाने पाहायची असतील तर यंत्र हेच करते.

मुंबईत उतरल्यावर आत्या-काकांना बॅगा पट्ट्यावरून घेऊन कस्टम्समधून बाहेर यायचे होते आणि इंदूरच्या विमानासाठी दुसऱ्या पीएनआरवर पुन्हा चेक-इन करायचे होते. तिथे एक गोष्ट आधी ठाऊक असती तर बरे झाले असते. आपल्याकडच्या देशांतर्गत तिकिटावर बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत माणशी १५ किलोच धरतात. आखातातून आलेले दोघांचे ४८ किलो इथे ३० किलोच्या मर्यादेत बसत नव्हते, १८ किलोचे पैसे काउंटरवर भरावे लागले. वेगळे तिकीट असेल तर हे जादा वजन निघण्याच्या आदल्या दिवशीच ऑनलाइन विकत घेऊन ठेवा, काउंटरपेक्षा ते सहसा स्वस्त पडते. आणि मुंबईतून इंदूरचे विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे तेही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.